दोनशे दहा मीटरची गोधडी

«ताई, बाजारात रजई बाराशेला मिळते, मग तुमची गोधडी सत्तावन्नशेला कशी?»

बाजारातली रजई यंत्रावर शिवलेली असते. त्या यंत्राच्या अनेक सुया कापडाच्या संपूर्ण पन्ह्यावर एकाच वेळी टाके घालतात, त्यामुळे तिच्या किमतीत शिलाईचा वाटा नगण्य असतो. माझ्या गोधडीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा शिलाईचाच आहे, म्हणून त्या रजईशेजारी माझी गोधडी ठेवून भाव ठरवता येत नाही. हे आज मी ठामपणे लिहीत असले, तरी पहिली दोन वर्षे मी स्वतः नेमके तेच करत होते.

पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीला वरखाली नवे सुती कापड आणि आत तीन जुन्या सुती साड्या असतात. काठापासून धावदोरा घालत आत आत जायचे आणि दोन ओळींत बोटभर, म्हणजे दीड सेंटीमीटर अंतर ठेवायचे, अशी आमची पद्धत. या हिशेबाने एका गोधडीत सुमारे दोनशे दहा मीटर शिलाई होते. पाच थरांतून सुई ओढताना सरावलेला हात तासाला पाच मीटर शिवतो, म्हणजे बेचाळीस तास झाले. साड्या धुणे, थर लावणे, कच्चे टाके आणि शेवटचा काठ यांचे आठ तास धरले की पन्नास होतात.

हे गणित मला आधी सुचले नव्हते. एका रिसॉर्टने वीस गोधड्या मागितल्या, तेव्हा मी दुकानातल्या रजईहून थोडा अधिक, अठराशे रुपये भाव सांगितला. साहित्याचे साडेसहाशे आणि शिवणाऱ्या बाईला नगामागे नऊशे दिल्यावर अडीचशे रुपये उरत होते, आणि त्यालाच मी नफा समजत होते. खोलीचे भाडे, वीज, वाहतूक, माल बांधणे हे सारे मी घरखर्चात ढकलत होते आणि माझे स्वतःचे तास तर कुठेच मांडत नव्हते.

पहिल्याच धुण्यानंतर सहा गोधड्या परत आल्या. आतल्या साड्या सरकून मध्यभागी गठ्ठा झाला होता आणि कडेला नुसती दोन कापडे लोंबत होती. मी पट्टी लावून पाहिली, तर दोन ओळींत तीन सेंटीमीटर अंतर होते. मी रागाने त्या गोधड्या घेऊन शिवणाऱ्या मावशींकडे गेले आणि चार बायांसमोर त्यांना नको ते बोलले. त्यांनी सुई खाली न ठेवता उत्तर दिले, «ताई, नऊशेत एवढंच बसतं.»

घरी येऊन मी प्रथमच कागद घेऊन बसले. पन्नास तासांना नऊशे, म्हणजे तासाला अठरा रुपये. त्या वेळी द्राक्षबागेत आठ तासांना तीनशे मिळत होते, म्हणजे साधारण साडेसदतीस. ओळींतले अंतर दुप्पट केले की शिलाई निम्मी होते, काम एकोणतीस तासांत उरकते आणि तासाला एकतीस रुपये पडतात. मावशींनी तासांचा हिशेब केव्हाच केला होता. केला नव्हता तो मी. रिसॉर्टचे दहा हजार आठशे रुपये मी परत केले. मावशींची क्षमा मागायला मात्र मला पंधरा दिवस लागले, आणि ते लिहिताना आजही संकोच वाटतो.

त्यानंतर दहा गोधड्यांचे तास वहीत टिपून भाव मांडला. पन्नास तासांची सत्तर रुपयांप्रमाणे मजुरी साडेतीन हजार, साहित्य साडेसहाशे. महिन्याचा वरखर्च नऊ हजार आणि सर्वजणींचे मिळून काम साडेचारशे तास, म्हणून तासामागे वीस, एका गोधडीवर एक हजार. बेरीज पाच हजार दीडशे. त्यावर साडेपाचशे नफा आणि खराब मालाची तरतूद. भाव कमी हवा असेल त्याला मी लहान दुपटे सुचवते, पण ओळींतले अंतर वाढवत नाही. सव्वादोनशे मीटरपेक्षा कमी दोरा लागला, तर कुठेतरी ओळी विरळ झाल्या हे मला गोधडी न उलगडताही कळते.

तरीही हा हिशेब निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्यक्ष तासांप्रमाणे मजुरी दिली, तेव्हा अठ्ठावन्न तास लावणाऱ्या नव्या मुलीला मावशींपेक्षा अधिक पैसे मिळाले, आणि तिच्या जादा आठ तासांचे पाचशे साठ रुपये भरताना माझा त्या गोधडीवरचा नफा पुरता संपला. मावशींनी विचारले, «हात भरभर चालतो हा माझा गुन्हा का?» म्हणून आता प्रत्येकीला पन्नास तासांचेच पैसे देते. त्यात नव्या मुलीला तासाला साठ रुपयेच पडतात, आणि तिच्या गोधडीवर मी पुन्हा पट्टी लावून पाहू लागले आहे.