जर्मन शिव्यांचा तास

पुण्यात मी जर्मन शिकवते आणि माझ्या वर्गात बहुतेक नर्सेस असतात. जर्मनीतल्या हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात नोंदणीकृत नर्स म्हणून उभं राहायचं तर साधारण बी-टू पातळीची, म्हणजे कामावर सहज बोलता येईल एवढी, भाषा लागते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून सांगली, नांदेड, अहिल्यानगर अशा ठिकाणांहून मुलं-मुली चौकशीला येऊ लागली. आमच्या अभ्यासक्रमात इंजेक्शन आहे, डायपर आहे, नातेवाइकांशी फोनवर बोलणं आहे. शिव्या नाहीत. परीक्षेलाही त्या येत नाहीत.

तरी मी जर्मन शिव्यांचा एक तास घेतला. त्याचं मूळ एका जुन्या विद्यार्थिनीच्या फोनमध्ये आहे. ती तिकडे डिमेन्शियाच्या पेशंट्सच्या विभागात लागली होती. सकाळी एका आजोबांना अंघोळ घालताना ते तिच्याकडे बघून ओरडले, ‘लेक मिश आम आर्श!’ तिला त्यातलं ‘मिश’ म्हणजे ‘मला’ एवढंच कळलं. आजोबा काहीतरी मागताहेत असं समजून ती आम्हीच घोटून घेतलेल्या सुरात म्हणाली, ‘या, गेर्नं, ग्लाइश!’ म्हणजे ‘हो, आनंदानं, आलेच!’ आजोबांनी तिला सांगितलं होतं, माझं ढुंगण चाट. सोबतची सहकारी हसून हसून खाली बसली.

हे सांगताना तीही हसत होती. पण पुढचं तिनं जरा हळू आवाजात सांगितलं. ड्यूटी संपताना विभागप्रमुख बाईंनी सांगितलं, आजोबा नेमकं काय म्हणाले ते नोंदीत लिही. तिनं लिहिलं, ‘पेशंट काहीतरी ओरडले.’ बाईंनी ती ओळ खोडायला लावली.

मला त्या फोनमधलं हे खोडणं जास्त महत्त्वाचं वाटलं. जर्मन शुश्रूषेच्या नोंदीत ‘पेशंट आक्रमक होता’ असं लिहू नये असं शिकवतात, कारण तो लिहिणाऱ्याचा निवाडा झाला. कधी, काय करत असताना, नेमके कुठले शब्द, हे लिहायचं. शब्द अवतरणात, जसेच्या तसे. डिमेन्शियाच्या पेशंटचं बोलणं आटत जातं तेव्हाही शिव्या कितीतरी वेळा शाबूत राहतात. त्या आपोआप बाहेर पडतात, वाक्य जुळवावं लागत नाही. ज्याला ‘माझा खांदा दुखतोय’ हे सांगता येत नाही, त्याच्याजवळ कधीकधी शिवीच उरलेली असते. नर्सला ती ऐकू आली नाही, तर त्याचं दुखणंही नोंदीत येत नाही.

संस्थेत विषय काढला तर समन्वयक म्हणाले, ‘मॅडम, पालक विचारतील.’ वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलीचं वय तेवीस होतं आणि दोघींना शाळेत जाणारी मुलं होती. तरी मी वर्गाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं: उद्या जर्मन शिव्यांचा तास आहे, ऐकून ओळखण्यासाठी, वापरण्यासाठी नाही. कुणाला बसायचं नसेल तर लायब्ररीत जा, कारण विचारणार नाही. कुणालाही एकट्याला उभं करून शिवी म्हणायला लावणार नाही. मराठी शिव्या वर्गात कुणी उच्चारायच्या नाहीत. हा शेवटचा नियम मी मुद्दाम घातला, कारण जर्मन शब्दाला हसणाऱ्या मुलीला मराठी प्रतिशब्द ऐकल्यावर खरोखरच अपमान वाटू शकतो, आणि मग तास तिथेच संपतो.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत कुणीच गेलं नाही. उलट दुसऱ्या बॅचमधले दोघे येऊन बसले.

शब्दांची अर्थासकट यादी मी दिली नाही. चिठ्ठ्या केल्या आणि टेबलावर चार ढीग मांडायला सांगितले: माणूस स्वतःशीच पुटपुटतो तो, मित्रांत चालतो तो, समोरच्याचा अपमान करणारा, आणि जो ऐकल्यावर वरिष्ठांकडे जायचंच असा. अर्थ मी सांगत होते, पण ढीग त्यांनी ठरवायचा. पहिल्याच फेरीत गंमत झाली. ‘शायसं’ म्हणजे विष्ठा हे कळल्यावर सगळ्यांनी ती चिठ्ठी अपमानाच्या ढिगात टाकली. ‘ब्ल्योडं कू’, म्हणजे मूर्ख गाय, मात्र मित्रांच्या ढिगात गेली. नांदेडची एक जण म्हणाली, ‘मॅडम, गाय ही काय शिवी आहे का? आमच्याकडे गरीब मुलीला गाय म्हणतात.’

खरा प्रकार उलटा आहे. हातातून ट्रे निसटला तर ‘शायसं’ डॉक्टरही म्हणतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. फारच सभ्य माणूस असेल तर ‘मिस्ट’ म्हणेल, म्हणजे शेण. पण बाईला तोंडावर ‘ब्ल्योडं कू’ म्हटलं तर तो सरळ अपमान आहे. जर्मन शिवी बहुतेक वेळा घाणीवरून आणि ढुंगणावरून चालते, आपली आई-बहिणीवरून. त्यामुळे शब्दशः भाषांतर केलं की वजन चुकतं, आणि नर्सला अर्थाच्या आधी वजनच कळायला हवं. मी त्यांना म्हटलं, प्रत्येकीनं मनातल्या मनात आपल्या भाषेतली तेवढ्याच वजनाची शिवी शोधा, बोलू नका. दोन मिनिटं वर्ग शांत होता आणि चेहरे बघण्यासारखे होते. मग चिठ्ठ्या हलू लागल्या.

चौथ्या ढिगावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. ‘श्लाम्पं’, म्हणजे बाईच्या चारित्र्यावरची शिवी, आणि ‘आउसलेंडर राउस’, परदेशी लोकहो चालते व्हा. दुसऱ्यात एकही घाणेरडा शब्द नाही, म्हणून एकीनं ती चिठ्ठी पहिल्या ढिगात ठेवली होती. शिवी आणि वर्णद्वेष यांतला फरक इथे सांगावाच लागतो. डिमेन्शियाच्या पेशंटकडून आलं तर नोंद आणि विभागाच्या बैठकीत चर्चा. शुद्धीतल्या पेशंटकडून, नातेवाइकाकडून किंवा सहकाऱ्याकडून आलं तर प्रमुखाला लेखी कळवायचं. २००६ सालचा तिकडचा समान वागणुकीचा कायदा मालकाला बांधून घालतो की बाहेरच्या माणसांनी केलेल्या छळापासूनही कर्मचाऱ्याचं रक्षण करायचं. आपल्या मुली ‘जाऊ दे, म्हातारं माणूस’ म्हणून गिळतात. ते कशाला गिळायचं, हे मी जरा चढ्या आवाजातच बोलले.

मग उच्चारांचा प्रश्न आला. एका मुलानं विचारलं, ‘तोंडानं म्हटल्याशिवाय कानाला कसं कळणार?’ त्याचं बरोबर होतं. जो आवाज आपण कधी काढला नाही तो घाईच्या बोलण्यात निसटतो. म्हणून सगळ्यांनी एकसुरात, प्रत्येक शब्द एकदाच. एरवी ‘गुटन मॉर्गन’ तोंडातल्या तोंडात म्हणणाऱ्या मुली ‘आर्शलोख!’, म्हणजे ढुंगणाचं भोक, अशा खणखणीत ओरडल्या की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. धोका इथेच आहे. मोठेपणी शिकलेल्या भाषेतली शिवी अंगाला लागत नाही. ज्याँ-मार्क दवाल या संशोधकानं बहुभाषिक लोकांवर याचा बराच अभ्यास केला आहे: मातृभाषेतले निषिद्ध शब्द सर्वांत जड वाटतात, उशिरा शिकलेल्या भाषेतले हलके. बोलणाऱ्याला हलके, ऐकणाऱ्याला नाही. मधल्या सुट्टीत तोच मुलगा चहाच्या टपरीवर मित्राला ‘आर्शलोख’ म्हणून हाक मारताना मला सापडला. सुट्टीनंतर मी वर्गाला सांगितलं की जर्मनीत अपमान हा दंडसंहितेच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. समोरच्यानं तक्रार केली तर दंड होऊ शकतो आणि कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. टपरीवरचा मित्र तक्रार करणार नाही, बसमधला अनोळखी माणूस करेल. शिवाय परक्या उच्चारात आलेली शिवी स्थानिकांच्या कानाला जास्तच खुपते.

उत्तरार्धात एक काल्पनिक पेशंट दिला: ८४ वर्षांचे, डिमेन्शिया, बोलणं तुटक. सोमवारी सकाळी शर्ट घालताना ‘फरडाम्ट!’, म्हणजे ‘धिक्कार असो!’ मंगळवारी जेवताना शांत. बुधवारी सकाळी पुन्हा शर्ट, ‘हाउ आप, डू आर्शलोख!’, म्हणजे ‘चालता हो’ आणि पुढची शिवी. दोन्ही वेळा डावा हात बाहीत घालताना. प्रश्न एवढाच, की नर्सनं काय बोलायचं आणि काय लिहायचं. पहिलं उत्तर आलं, ‘कृपया असं बोलू नका.’ हे वाक्य शुद्धीतल्या नातेवाइकासाठी ठीक आहे, आणि ते मी शिकवलंही. या आजोबांना ते सांगून उपयोग नाही. हात थांबवायचा, ‘दुखतंय का?’ विचारायचं, पाहिजे तर ‘दहा मिनिटांनी येते’ म्हणून बाजूला व्हायचं.

इतका वेळ मागच्या बाकावर गप्प बसलेल्या एक ताई होत्या; सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं काढलेल्या. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आमच्या वॉर्डात दारू उतरलेल्याची शिवी वेगळी असते आणि ड्रेसिंग काढताना येणारी शिवी वेगळी. मला पाठमोरं उभं असताना कळतं. जर्मनमध्ये मला सगळंच ओरडणं ऐकू येणार.’ मग त्यांनीच फळ्यावर जाऊन नोंद लिहिली. व्याकरणात दोन चुका होत्या, त्या मी नंतर दुरुस्त केल्या. वेळ, शर्ट, डावा हात, अवतरणातली शिवी, कपाळावर आठ्या, हात मागे ओढला, थांबल्यावर शांत. खाली वेदना मोजायच्या ‘बेझ्द’ पट्टीचे गुण. ही पट्टी बोलू न शकणाऱ्यांसाठी असते: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकाला शून्य ते दोन. ताईंनी एकूण पाच दिले. शेवटी लिहिलं, ‘डॉक्टरांना कळवले.’ ही ओळ कुणाला खोडावी लागली नसती.

एक गोष्ट मात्र चिठ्ठ्यांनी शिकवता येत नाही. फोनवाल्या मुलीनं ऐकलेलं वाक्य जर्मन महाकवी गटेनं १७७३ च्या आपल्या नाटकात गोट्झ फोन बर्लिशिंगन या सरदाराच्या तोंडी घातलं. गोट्झची गढी आजच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येते, आणि त्या भागात हेच वाक्य जुना मित्र अचानक भेटल्यावर आनंदानंही म्हणतात. राग की आश्चर्य हे फक्त सुरावरून कळतं. पेशंटचा आवाज रेकॉर्ड करणं शक्य नाही, म्हणून मी त्याच मुलीला विचारलं. तिनं त्या हसून खाली बसलेल्या सहकारी बाईंकडून दोन्ही सूर बोलून घेतले आणि पाठवले. बाईंनी उत्साहानं तिसराही एक नमुना जोडला होता. तो कुठल्या ढिगात घालायचा ते मला त्यांनाच विचारावं लागलं. पुढच्या बॅचला मी तिन्ही ऐकवते.