शेवटचा परिच्छेद तपासताना

"बाई, निबंधाच्या शेवटी मुलांनी नुसती उजळणी केली आहे की खरंच काही जुळवून आणलंय, हे तुम्ही ओळखता कसं? आणि शेवटी एखादा चांगला नवा मुद्दा सुचला, तर त्याचे मार्क का कापता?"

मी परिच्छेद झाकून बघते. शेवटातलं एकेक वाक्य घ्यायचं, वरचा एकेक परिच्छेद हाताने झाकायचा आणि विचारायचं, हा नसता तर हे वाक्य टिकलं असतं का?

मागे अकरावीतल्या एका मुलीने 'खाजन शेती मोडकळीला का आली?' या विषयावर निबंध लिहिला होता. खाजन म्हणजे गोव्यात नदी-खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. तीन परिच्छेद, तिन्ही नीट अभ्यासून लिहिलेले. पहिल्यात मांडवी आणि झुआरीतून खनिज नेणाऱ्या बार्जच्या लाटांनी मातीचे बांध खचले. दुसऱ्यात 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांध राखायची जबाबदारी गावकारी या जुन्या ग्रामसंस्थेकडून कुळांच्या संघाकडे गेली. तिसऱ्यात मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी मासे धरायच्या हक्काचा लिलाव. भरतीला मानशीची दारं मिटावीत आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर जावं, अशी मूळची रचना. पण मासळी जास्त मिळावी म्हणून पावणी घेणारे भरतीतही दारं उघडी ठेवतात, खारं पाणी शेतात शिरतं आणि खारं सोसणारं कोरगुट भातसुद्धा तिथे उभं राहत नाही.

तिचा शेवट असा होता: "अशा प्रकारे बार्जच्या लाटा, कूळ कायदा आणि मासळीची पावणी या तीन कारणांमुळे खाजन शेती मोडकळीला आली. ही सर्व कारणं एकमेकांशी जोडलेली आहेत. शिवाय समुद्राची पातळी वाढत असल्याने पुढे सगळीच खाजनं धोक्यात येतील."

पहिलं वाक्य म्हणजे यादी. एक परिच्छेद झाकला की यादीतलं एक नाव गळतं, बाकीची तशीच उभी राहतात. दुसरं वाक्य जास्त फसवं, कारण ते जुळवणीसारखं ऐकू येतं आणि घाईत तपासणारा त्याला हमखास मार्क देतो. पण तिन्ही परिच्छेद झाकून बघा, त्याला काही होत नाही. कांदळवनांवर, कचऱ्यावर, कुठल्याही निबंधाच्या शेवटी ते चालेल. जोडलेली आहेत, तर कशी? कुठलं कारण कुठल्या कारणाला हात देतं? हे सांगेपर्यंत जुळवणी झालेलीच नाही.

तिसरं वाक्यही सगळं झाकल्यावर उभं राहतं, पण कारण वेगळं. समुद्राची पातळी वाढते आहे, हे खरंच आहे. माझी हरकत त्या खरेपणाला नाही. खाजनात त्याने नक्की काय घडतं, याचा पुरावा वर कुठेच नाही आणि आता द्यायला जागाही उरलेली नाही. वाचकाने ते तपासायचं कशाच्या आधारावर? आणि प्रश्न 'का आली' असा होता, हे वाक्य 'पुढे काय होईल' याचं उत्तर देतं.

मी तिला कागद परत दिला आणि विचारलं, "लाटांनी बांध खचला, तर तो दुरुस्त का झाला नाही?" ती थोडा वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं: "बार्जच्या लाटांनी बांध खचले, पण ते दुरुस्त करायचे की नाही हे ज्या संघांच्या हाती आलं, त्यांना भातापेक्षा मासळीच्या पावणीतून जास्त मिळत होतं. म्हणून बांध तसेच राहिले."

आता झाका. पहिला झाकला तर बांध खचण्याचं कारण जातं, दुसरा झाकला तर निर्णय कोणाचा हे कळत नाही, तिसरा झाकला तर त्यांनी टाळाटाळ का केली ते निसटतं. वाक्याला तिन्ही लागतात. आणि हे वाक्य वर कुठेच नव्हतं, तरी मी त्याला नवा मुद्दा म्हणत नाही. पुरावा सगळा जुना आहे, नवीन आहे तो त्यातून निघालेला अर्थ. मुलांना मी हाच फरक पुन्हा पुन्हा सांगते, कारण 'शेवटी नवीन काही नको' एवढंच ऐकून ती घाबरतात आणि यादीकडे वळतात.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. परिच्छेदातली माहितीच चुकली असेल, तर झाकून ते कळत नाही. जुळवणी पक्की आणि पाया कच्चा, असंही होतं. या मुलीलाही मी 'संघांना जास्त मिळत होतं' हे तिसऱ्या परिच्छेदात आधी दाखवून द्यायला लावलं. तिथे ते ओझरतं होतं. पावणीचे पैसे कोणाकडे जातात आणि संघातले किती जण स्वतः शेत कसतात, हे तिने आपल्या वाड्यावर विचारून लिहिलं.

समुद्राच्या पातळीचं वाक्य तिने खोडलं नाही. त्याचा चौथा परिच्छेद केला: खचलेल्या बांधावरून मोठ्या भरतीचं पाणी आधी आत येतं, असा. मग शेवट तिला पुन्हा लिहावा लागला.