दुपारी नभी चांदण्या

साहित्य मंडळाच्या स्पर्धेचे पत्रक परवा जेवणानंतर हाती पडले आणि दुपारची झोप गेली. समस्यापूर्तीसाठी दिलेली ओळ अशी होती : 'दुपारी नभी चांदण्या मोजतो मी.' तिच्याखाली नेहमीचेच नियम. ही ओळ श्लोकाचा चौथा चरण म्हणून यावी, तिच्यात एका अक्षराचाही फरक करू नये, आधीचे तीन चरण त्याच वृत्तात असावेत आणि निदान तिसऱ्या चरणाशी तरी यमक जुळावे. वृत्ताचे नाव दिले नव्हते. पण ज्याने लहानपणी मनाचे श्लोक घोकले आहेत, त्याच्या कानाला भुजंगप्रयात सांगावे लागत नाही. एक लघू, दोन गुरू, असे चारदा. ओळ वाचून होण्यापूर्वीच बोटे पांघरुणावर ताल धरू लागतात.

अशी ओळ समोर आली की पहिला मोह होतो तो अशक्य गोष्टीचा खुलासा करण्याचा. दुपारी चांदण्या कशा? मला लगेच ग्रहण आठवले. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण दुपारचेच होते आणि त्याचा खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला होता. तेवढ्यावर श्लोक उभा राहिला असता. पण खग्रास स्थितीत दिसतात ते ठळक ग्रह आणि चार-दोन तेजस्वी तारे. ते मोजायला कोण बसेल? दुसरा खुलासा डोक्यावर बसलेल्या तडाख्याचा. तो तर फार पूर्वीच कुणीतरी वापरून ठेवला आहे. 'शतचन्द्रं नभस्तलम्', म्हणजे शंभर चंद्रांचे आकाश, ही जुनी संस्कृत समस्या. तिची पूर्ती अशी :

दामोदरकराघातविह्वलीकृतचेतसा ।
दृष्टं चाणूरमल्लेन शतचन्द्रं नभस्तलम् ॥

कृष्णाच्या हाताचा तडाखा बसून भान हरपलेल्या चाणूर मल्लाला आकाशात शंभर चंद्र दिसले. या पूर्तीला तोड नाही. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात त्या दुपारीच आली. त्या समस्येत क्रियापद दिलेलेच नव्हते, 'दृष्टम्' हे कवीने आपल्या पदरचे घातले आहे. आमच्या मंडळाने क्रियापद देऊन टाकले होते, आणि तेही 'पाहतो' नव्हे, 'मोजतो'. भोवळ आलेला माणूस चांदण्या पाहील, मोजणार नाही. तेव्हा खरी समस्या चांदण्यांची नसून मोजण्याची आहे, आणि दिलेल्या ओळीतला एक जरी शब्द पूर्तीत उपरा राहिला तरी ती पूर्ती फसली, असे माझे आपले हट्टी मत आहे. पूर्वी एकदा अशा स्पर्धेचा गठ्ठा वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते, तेव्हा निम्म्या कवींनी सगळे स्वप्नात घडवून आणले होते. स्वप्न कोणत्याही ओळीला चालते, म्हणूनच ते कोणत्याच ओळीचे उत्तर नसते.

मग ओळ फोडून पाहिली. 'मृगात् सिंहः पलायते', हरणाला पाहून सिंह पळतो, या समस्येची युक्ती सर्वश्रुत आहे. कस्तुरी कशापासून होते, हत्तींचे कुळ कोण मारतो आणि भित्र्याने युद्धात काय करावे, असे तीन प्रश्न आधीच्या चरणांत विचारायचे, म्हणजे शेवटच्या चरणातले तीन शब्द तीन सुटी उत्तरे होतात आणि सिंहाला पळण्याची गरजच उरत नाही. मीही त्याच वाटेने निघालो. 'कधी झोप येते? कुठे घार हिंडे?' अशी एक ओळ सहज उतरली. 'दुपारी' आणि 'नभी' ही उत्तरे बिनबोभाट बसली. चांदण्यांसाठीही एखादा प्रश्न निघाला असता. अडवले ते शेवटच्या 'मी'ने. कोड्याचे उत्तर देणारा कोणीही चालतो, पण 'मोजतो मी' म्हणणारा कोणीतरी एक असावा लागतो.

हा 'मी' कोण, या प्रश्नाशी थांबलो तेव्हा छताकडे नजर गेली. आता तिथे सिमेंटचा स्लॅब आहे. लहानपणी पत्रे होते. खिळ्यांभोवती गंज चढून पत्रा खात गेला होता, आणि ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर सूर्य आला की, अंधाऱ्या माजघरात वर भोके लखलखत आणि खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडत. भोक कितीही वाकडेतिकडे असले तरी कवडसा गोलच पडे, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याचे बिंब असते, हे पुढे शाळेत कळले. आम्हा मुलांना जबरदस्तीने निजवलेले असे. आम्ही एकेक कवडसा वाटून घेत असू आणि कोणाचा आधी भिंतीवर चढतो याची पैज लावत असू. वडील खाटेवर उताणे पडून वर पाहत आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. ते जप करतात अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एकदा मी विचारले, "अण्णा, चांदण्या मोजताय?" ते म्हणाले, "हो रे. गेल्या साली बारा होत्या." मृगाच्या आधी प्रत्येक भोकावर डांबरात बुडवलेल्या गोणपाटाचा तुकडा बसवायचा असे, आणि डांबर किती आणायचे त्याचा तो हिशेब होता.

त्यानंतर श्लोक यायला फारसा वेळ लागला नाही :

निजे गाव सारे, उन्हे तापलेली
छताची पुरी चाळणी जाहलेली
पुढे पावसाळा, भये जागतो मी
दुपारी नभी चांदण्या मोजतो मी

तिसऱ्या ओळीवर मात्र दोन दिवस गेले. 'जागतो' आणि 'मोजतो' हे यमक पातळ आहे. 'तो मी' एवढेच काय ते जुळते, आणि कडक परीक्षक त्याखाली रेघ ओढील. 'मने योजतो मी' असे केले असते तर यमक भक्कम झाले असते, परंतु 'मने योजतो' असे कोणी म्हणत नाही आणि माझे वडील तर नक्कीच म्हणत नव्हते. समस्यापूर्तीत शेवटून वर चढावे लागते, त्यामुळे यमकाचा शब्द आधी येतो आणि विचार त्याच्यामागे फरफटत येतो. तेवढे या वेळी टाळले. 'भये' हा शब्दही जुन्या वळणाचा आहे खरा. तो असू दिला, कारण नभी म्हणणाऱ्याच्या तोंडी तो खपून जातो.

राहिली ती एकच गोष्ट. त्या शेवटच्या उन्हाळ्यात वडिलांची मोजणी किती झाली होती ते मला पक्के आठवते, आणि ती संख्या श्लोकात यावी असे फार वाटत होते. ती होती एकोणीस. ए, को, णी, असे तीन गुरू लागोपाठ. भुजंगप्रयातात त्यांना कुठेच जागा नाही. कविता तशीच पाठवून दिली.