प्रयत्न मोजायचे की कार्डे?

मी ज्या ऑनलाइन विक्री-प्रणालीच्या पेमेंट विभागात काम करतो, तिच्या चेकआउटवर अनेक वर्षे एक साधा नियम होता. एकाच आयपी पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच वेळा कार्ड नाकारले गेले, तर तो पत्ता तासाभरासाठी बंद केला जाई. सवलतीच्या विक्रीच्या एका संध्याकाळी हा नियम प्रामाणिक ग्राहकांना अडवत होता आणि चोरांना वाट करून देत होता, हे एकाच वेळी दिसून आले.

आधी ग्राहकसेवेकडून तक्रारी आल्या. पहिल्याच प्रयत्नात पैसे भरू पाहणाऱ्यांनाही नकार मिळत होता. नोंदी पाहिल्या तेव्हा कारण लगेच कळले. मोबाइल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असू शकतात. त्यांपैकी एकाच्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते, दुसऱ्याने सीव्हीव्ही चुकवला, तिसऱ्याच्या कार्डाची मुदत संपली होती, आणि अशा वेगवेगळ्या माणसांची अपयशे एकाच पत्त्याच्या नावावर जमा होऊन उरलेल्या सर्वांचे दार बंद होत होते.

त्याच नोंदींत दुसराही प्रकार होता, आणि त्यासाठी एकही इशारा वाजलेला नव्हता. अगदी स्वस्त वस्तूच्या खरेदीचे प्रयत्न येत होते. प्रत्येक पत्त्यावरून एक किंवा दोन, त्यामुळे पाचाची मर्यादा कुठेच गाठली जात नव्हती. मात्र सर्व कार्डांचे पहिले आठ अंक, म्हणजे कार्ड देणारी बँक ओळखण्याचे अंक, एकच होते आणि पुढचे अंक बदलत होते. बँकेकडून येणाऱ्या उत्तरांत 14, म्हणजे ‘असे कार्ड नाही’, हा संकेत वारंवार दिसत होता. ग्राहकाकडून एखादा अंक चुकतो, पण तो बहुधा आमच्या पानावरच पकडला जातो, कारण कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून तपासता येतो. ती तपासणी पार करूनही अस्तित्वात नसलेले इतके क्रमांक येत असतील, तर ते यंत्राने रचलेले असण्याचीच शक्यता अधिक. चोराला वस्तू नको असते. कोणते कार्ड चालू आहे एवढेच त्याला हवे असते.

मर्यादा पाचाऐवजी दहा करावी, अशी सूचना त्या रात्री झाली. मला ती पटली नाही, कारण आकडा कितीही ठेवला तरी आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो. प्रामाणिक माणूस तेच कार्ड तीन-चार वेळा वापरून पाहतो, मग फार तर दुसरे काढतो. चोर मात्र बहुतेक प्रत्येक प्रयत्नाला नवे कार्ड आणतो. म्हणून आम्ही अपयशांऐवजी एका उपकरणावरून किंवा आमच्याकडच्या एका ग्राहक-खात्यातून तासाभरात नाकारली गेलेली वेगवेगळी कार्डे मोजायचे ठरवले. त्यासाठी कार्ड क्रमांक साठवला नाही, तर गुप्त किल्लीने केलेला त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ क्रमांक थेट परत काढता येत नाही अशी सांकेतिक खूण, ठेवला. किल्लीविना केलेला हॅश सर्व शक्य क्रमांक करून पाहिले की उलगडतो.

चोर उपकरणाची ओळखही पुसतो, त्यामुळे दुसरा गणक पहिल्या आठ अंकांवर ठेवला. इथे फार सांभाळावे लागले. मोठ्या बँकेची कार्डे एरवीही भरपूर येतात, म्हणून नुसती संख्या न पाहता त्या अंकांसाठी 14 या उत्तराचे प्रमाण नेहमीपेक्षा किती वाढले, ते पाहिले. 91 हा संकेत, म्हणजे बँकेची यंत्रणाच उपलब्ध नसणे, आम्ही मोजणीतून पूर्ण वगळला; नाहीतर बँकेच्या बिघाडाच्या दिवशी तिचे सगळे ग्राहक संशयित ठरले असते.

नियम प्रत्यक्ष लागू करण्यापूर्वी तो काही काळ फक्त नोंदी करत राहिला, कोणालाही अडवले नाही. त्या नोंदींत एकाच खात्यातून चार कार्डे वापरणारी कुटुंबे आढळली. म्हणून मर्यादा ओलांडणाऱ्याला बंदी न घालता बँकेची अतिरिक्त पडताळणी मागायचे ठरले. खऱ्या कार्डधारकाला ती काही क्षणांत पार करता येते, तर रचलेल्या क्रमांकांच्या मागे उत्तर द्यायला कोणी माणूस नसतो. नकाराचा मजकूरही सर्वांना एकच दाखवू लागलो, कारण ‘सीव्हीव्ही चुकीचा’ असे सांगणे म्हणजे उरलेला क्रमांक बरोबर असल्याचे चोराला कळवणे होते.

जो चोर अनेक बँकांची कार्डे मिसळून तासाला मोजकेच प्रयत्न करतो, तो या दोन्ही गणकांतून अजूनही निसटतो. त्याच्यासाठी दिवसभराची वेगळी मोजणी लागते, आणि तिच्यात प्रामाणिक ग्राहक सापडण्याची शक्यता अधिक असल्याने तिचे इशारे सध्या आम्ही माणसाकडूनच तपासून घेतो.