कार्नेगी हॉलमधला नेमका हॉल कुठला?

कार्यक्रमाचं तिकीट हा वाचायचा कागद आहे, हेच मुळात आपल्याला मान्य नसतं. तारीख बघायची, वेळ बघायची, सगळ्यात ठळक छापलेलं नाव बघायचं आणि निघायचं. घोळ होतो तो त्या ठळक नावाने. ते नाव बहुतेक वेळा वास्तूचं असतं. आपली खुर्ची ज्या सभागृहात आहे त्याचं नाव त्याखाली, जरा बारीक अक्षरात, बिचाऱ्यासारखं उभं असतं.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचंच घ्या. नाव ऐकून एकच हॉल असेल असं वाटतं, पण आत सभागृहं तीन आहेत आणि एकाच संध्याकाळी तिन्हीकडे कार्यक्रम असू शकतो. सगळ्यात मोठं सभागृह १८९१ सालचं, सुमारे २,८०० खुर्च्यांचं. तिकिटावर त्याचं नाव येतं ‘स्टर्न ऑडिटोरियम / पेरेलमन स्टेज’. मधली ती तिरकी रेघ बघून नवखा माणूस चक्रावतो. दोन सभागृहं आहेत का? त्यातलं आपलं कुठलं? तर दोन नाहीत. आयझॅक स्टर्न या व्हायोलिनवादकाने १९६० साली ही इमारत पाडली जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं, त्यामुळे सभागृहाला त्याचं नाव. रंगमंचाला मात्र एका देणगीदाराचं. म्हणजे ऐकणारे एका नावाच्या जागेत बसतात आणि वाजवणारे दुसऱ्या नावाच्या जागेवर, आणि दोघांच्या मध्ये भिंतसुद्धा नाही!

दुसरं झँकेल हॉल, सुमारे ६०० खुर्च्यांचं. हे जमिनीखाली आहे. तिथे आधी बरीच वर्षं सिनेमाचं थिएटर चालायचं. खोदकाम करून, नवं रूप देऊन २००३ साली ते सुरू झालं. तिसरं वाइल रिसायटल हॉल, जेमतेम २६८ खुर्च्यांचं, छोट्या मैफलींसाठी.

आता दारांकडे या. मोठ्या सभागृहाचं दार ५७व्या रस्त्यावर, वाइलचंही त्याच रस्त्यावर, शेजारीच. झँकेलचं मात्र कोपऱ्यावरून वळून सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर. त्यामुळे झँकेलचं तिकीट घेतलेला माणूस ५७व्या रस्त्यावरच्या भव्य दारासमोरच्या रांगेत निवांत उभा राहतो. का नाही राहणार? समोर गर्दी आहे, वर ‘कार्नेगी हॉल’ लिहिलंय, हातातल्या तिकिटावरही तेच लिहिलंय. पुढे तिकीट तपासलं जातं तेव्हा कळतं की दार चुकलं. मग वळसा घालून दुसरं दार गाठायचं, तिथे पुन्हा तपासणी, मग खाली उतरायचं. अंतर फार नाही, पण पहिली रचना सुरू झाली की उशिरा आलेल्यांना मधल्या विरामापर्यंत बाहेर थांबवतात. पहिली रचना लांबलचक असली तर दाराबाहेर तिची नुसती गुणगुण ऐकत बसायचं.

सभागृहाचं नाव नसलं किंवा डोळ्यांखालून निसटलं, तरी तिकिटावर आणखी एक पुरावा असतो आणि माझा नावापेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास आहे. तो म्हणजे बसायच्या विभागाचं नाव. प्रत्येक सभागृहाची खुर्च्यांची मांडणी वेगळी, त्यामुळे विभागांची नावंही वेगळी. मोठ्या सभागृहात तळाला ‘पार्के’, वर ‘फर्स्ट टिअर’, ‘सेकंड टिअर’, मग ‘ड्रेस सर्कल’ आणि अगदी माथ्यावर ‘बाल्कनी’. झँकेलमध्ये ‘पार्टेर’ आणि ‘मेझनीन’. वाइलमध्ये नुसतं ‘ऑर्केस्ट्रा’ आणि ‘बाल्कनी’.

समजा, एका मित्राने तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवलाय आणि मित्रांच्या सवयीप्रमाणे तो अर्धवट कापलेला आहे. दिसतंय एवढंच: कार्नेगी हॉल, संध्याकाळी साडेसात, मेझनीन. प्रश्न मिटला. झँकेल, थेट सेव्हन्थ ॲव्हेन्यूचं दार. ‘ड्रेस सर्कल’ असतं तर मोठं सभागृह, त्यातही वाद नाही. पंचाईत होते ती ‘बाल्कनी’ असेल तर, कारण बाल्कनी दोन ठिकाणी आहे. अशा वेळी कोण वाजवणार आहे ते बघावं. शंभर वादकांचा वाद्यवृंद असेल तर तो वाइलच्या चिमुकल्या रंगमंचावर मावणारच नाही. एकटी पियानोवादक असेल तर मात्र ही युक्ती लंगडी पडते, कारण नावाजलेली पियानोवादक एकटीच मोठं सभागृहही भरू शकते. मग मित्राला फोन करावा आणि पूर्ण तिकीट मागावं. त्यात लाज कसली?

याच शहरात थोडं वर गेलं की लिंकन सेंटर लागतं आणि तिथे तर नावांनी कमालच केलीय. कारंज्याच्या चौकात कोलंबस ॲव्हेन्यूकडून शिरलात की समोर मेट्रोपॉलिटन ऑपेरा, डाव्या हाताला डेव्हिड एच. कोक थिएटर आणि उजव्या हाताला डेव्हिड गेफेन हॉल. दोन डेव्हिड, आमनेसामने! डावीकडे न्यूयॉर्क सिटी बॅलेचं घर, उजवीकडे न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचं. नाच डावीकडे, वाद्यवृंद उजवीकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याचदा भागतं. पाहुणे कार्यक्रम कुठेही होऊ शकतात, तेवढा अपवाद सोडून द्यायचा. त्यात ही नावंही बदलत आलेली. उजवीकडचं १९६२ साली उघडलं ते फिलहार्मॉनिक हॉल म्हणून, १९७३ साली झालं एव्हरी फिशर हॉल आणि २०१५ साली गेफेन. देणगीदार बदलला की पाटी बदलते. त्यामुळे कुणी जुना रसिक ‘एव्हरी फिशरला भेटू’ म्हणाला, तर त्याला आजच्या पाटीवर ते नाव सापडायचं नाही आणि तुम्हालाही.

पण खरा कहर ‘रोझ’ या नावाचा. लिंकन सेंटरच्या आवारात, ६५व्या रस्त्यावरच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर रोझ स्टुडिओ आहे. चेंबर संगीताच्या छोट्या मैफली तिथे होतात. आणि ‘जॅझ ॲट लिंकन सेंटर’ या संस्थेचं रोझ थिएटर आहे, पण ते लिंकन सेंटरच्या आवारात नाहीच! ते आहे कोलंबस सर्कलला, ६०व्या रस्त्यापाशी, एका उंच इमारतीत, खालच्या दुकानांवरून पाचव्या मजल्यावर. तिथल्या सगळ्या सभागृहांना मिळून ‘फ्रेडरिक पी. रोझ हॉल’ म्हणतात. म्हणजे रोझ हॉल हे एक सभागृह नाही, आणि ‘लिंकन सेंटर’ हे शब्द नावात असले म्हणून जागा लिंकन सेंटरमध्ये असेलच असंही नाही. दोन्हीकडे एकाच देणगीदार कुटुंबाचं नाव आहे, त्यामुळे संस्थांना दोष देऊनही उपयोग नाही.

अशा तिकिटावर नावं कितीही असोत, मी आधी रस्त्याचा आकडा शोधते. ६० की ६५? मग मजला: पाच की दहा? रोझ स्टुडिओची मैफल असेल आणि समोर कपड्यांची चकचकीत दुकानं दिसायला लागली, तर लिफ्टची वाट बघत बसू नये. तिथून ब्रॉडवेने वर पाच चौक चालायचं आहे.