तुम्ही विचारलंत म्हणून: यूकेहून परत, आणि मग जॉब

"एवढी वर्षं यूकेत काढलीस, मग पुण्यात जॉब मिळायला इतका वेळ का लागला?"

मला काम येत नव्हतं म्हणून नाही, हे आधीच सांगते. तिकडे मी क्वांटिटी सर्व्हेअर होते, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने मोजमाप, बिलं, एक्स्ट्रा कामाचे पैसे. इथे हेच काम बिलिंग इंजिनिअर करतो, पण माझ्या सीव्हीत आरए बिल म्हणजे काम चालू असतानाचं बिल, बीओक्यू म्हणजे कामांची मापांसकट यादी, रेट अ‍ॅनालिसिस म्हणजे दर कसा निघाला त्याचा हिशोब, यातला एकही शब्द नव्हता. मग एचआरला काय दिसणार? शिवाय करंट सीटीसीच्या रकान्यात पौंडाचे लाख करून टाकले की पुढे फोनच येत नाही.

एक इंटरव्ह्यू मात्र डोक्यातून जात नाही. समोर पिकलेल्या केसांचे एक साहेब. पहिलाच प्रश्न, खिडकी दीड मीटर बाय एक पॉइंट दोन, भिंतीला दोन्हीकडून सारखंच प्लास्टर, वजावट किती? मी म्हटलं 1.8 चौरस मीटर, एकाच बाजूची, कारण मोजमापाचं जे भारतीय मानक आहे, आयएस 1200, त्याप्रमाणे अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या ओपनिंगला एकच बाजू वजा करतात आणि जांबचं, म्हणजे खिडकीच्या आतल्या कडांचं, प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. साहेब खूश. मग म्हणाले, खोदताना जुना पाया लागला, क्लायंट पैसे देत नाही, काय करणार? मी तिकडचं खरं घडलेलं सांगितलं. एनईसी कॉन्ट्रॅक्ट होतं, म्हणजे तिकडे बांधकामाला वापरतात तो एक ठरलेला नमुना, त्यात एक्स्ट्रा कामाचं कळल्यापासून आठ आठवड्यांत नोटीस दिली नाही तर सहसा पैसे गेलेच, म्हणून आम्ही त्याच दिवशी फोटो काढले, लेव्हल घेतल्या, मजूर आणि मशिनचे तास रोज लिहून सही घेतली आणि नोटीस पाठवली. साहेब हसले. "मॅडम, इथे असं पत्र पाठवलं तर चालू बिलसुद्धा अडकतं. इथे जाऊन बसावं लागतं."

मी गप्प बसले, आणि त्याचाच राग येतो अजून. कारण इथल्या मोठ्या कामांतही फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर बेतलेली कॉन्ट्रॅक्टं असतात, आणि फिडिकमध्ये तर क्लेमच्या नोटिशीला 28 दिवसच! म्हणजे नियम इथे जास्त कडक, फक्त वापरायला कुणी धजत नाही. हे तिथेच बोलायला हवं होतं. पण खरं सांगू? बोलले असते तरी त्यांनी घेतलं असतं असं वाटत नाही, आणि साहेब अगदीच चूक होते असंही नाही, दर महिन्याचं आरए बिल सुटलं नाही तर साइटवर मजुरांचा पगार कुठून द्यायचा?

नंतर सीव्ही बदलला. पदं वर होती ती खाली नेली, वर लिहिलं की कुठल्या कामाचं बिल केलं, एक्स्ट्रा किती मागितलं, किती मंजूर झालं. फोन यायला लागले. मग रिलीव्हिंग लेटरची भानगड, तिकडे असलं काही देत नाहीत, मी पी45 दिला, म्हणजे नोकरी सोडताना तिकडची कंपनी देते तो टॅक्सचा कागद, त्यात सोडल्याची तारीख असते, तर म्हणे यावर शिक्का नाही.

आता नोकरी आहे. साइटवर काही निघालं की मी क्लायंटकडे जाऊन बसते, आणि येऊन नोटीसही पाठवते. बॉसला दुसरं आवडत नाही, दर वेळी वाद होतो.