बाळाची गोधडी: तास मोजून भाव काढला, त्याची नोंद

मागच्या वेळी बऱ्याच जणींनी विचारलं की तू गोधडीचा भाव ठरवते कसा, म्हणून या खेपेला टाक्यांपेक्षा हिशोबच जास्त लिहिते. गोधडी बाळाची, ३६ बाय ४२ इंच, वर छापील सुती, खाली साधं सुती, मधात मलमल, कडेला गोट.

धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर, म्हणजे ८४ ओळी. मोबाईलवर घड्याळ लावून दहा ओळी मोजल्या तर एका ओळीला सरासरी नऊ मिनिटं पडली. पण या दहा ओळी कडेच्या घेऊ नका बरं, कडेला हात पटापट चालतो, मधात गोधडीचा गोळा मांडीवर घेऊन सुई ओढावी लागते तिथे वेग कमी होतो, म्हणून पाच कडेच्या आणि पाच मधल्या मोजायच्या. ८४ ला नऊनं गुणलं की साडेबारा तासांच्या थोडं वर जाते. आणि हे झालं फक्त टाक्याचं. कोरं कापड आधी भिजवून आटवायचं (नाही भिजवलं तर पहिल्याच धुण्यात गोळा होते), इस्त्री, कापणं, थर अंथरून कच्चा टाका घालणं, शेवटी गोट, धागे कापणं, पॅकिंग, हे सगळं चार तासांच्या आसपास. एकूण साडेसोळा धरले.

तासाचा भाव कुठून आणला? रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. आमच्या इकडं निंदणाला ३०० देतात पण काम सहा तासांचं, म्हणजे ५० पडतात. मी ५० च धरले, कारण निंदणाला गेली असती तर तेवढे तर भेटलेच असते नं. साडेसोळा गुणिले पन्नास, ८२५.

सामान: तिन्ही कापडं एकेक मीटर मिळून २७०, गोटाचं कापड ३०, दोरा ४०. झाले ३४०.

आता वरखर्च, जो सगळ्या जणी विसरतात. सुया, कात्रीला धार, मशीनची झीज, लाईट, तालुक्याला जायचं एसटीभाडं, रंग उतरून वाया गेलेलं कापड. हा महिन्याच्या हिशोबानं काढू नका, वर्षाचा काढा. कापूस वेचणीच्या दिवसात माझ्या हातून एकही गोधडी होत नाही, त्या महिन्यांचा खर्चही बाकीच्या गोधड्यांवरच बसायला पाहिजे. माझा वर्षाचा ५४०० येते, गोधड्या ३६ धरल्या, म्हणजे एकीला १५०.

सगळं मिळून १३१५. यात नफा अजून एक रुपया नाही, ही फक्त पडती किंमत आहे.

बाजारात मशीनची दुलई साडेतीनशेला आहे हे मलाही माहीत आहे. शेजारच्या गावची एक बाई सरळ म्हणाली, "बाजारात साडेतीनशेला भेटते नं वो ताई, तुमची काहून इतकी महाग?" मी तिला मधली एक ओळ मोजून दाखवली, नऊ मिनिटं तिथंच बसली बिचारी. गोधडी घेतली नाही तिनं, पण भाव पाडायलाही परत आली नाही 😄. साडेतीनशेला विकायची म्हटली तर सामान नि वरखर्च काढूनच १४० रुपये अंगावर येतात, मजुरी तर सोडाच.

भाव जड वाटत असेल तर तासाचा दर कमी करू नका, तास कमी करा. ओळी एक इंचावर घेतल्या की ८४ च्या ४२ होतात, सव्वासहा तास वाचतात आणि पडती किंमत हजारावर येते. मधात मलमल असेल तर इंचभर अंतर चालून जाते, पण सुटा कापूस भरला असेल तर धुतल्यावर तो सरकून गाठी होतात, तिथे अर्धा इंचच पाहिजे. गिऱ्हाईक स्वतःच्या जुन्या साड्या देते तेव्हाही सामान कमी झालं म्हणून भाव लगेच उतरवू नका, विरलेलं कापड निवडण्यात नि सुईखाली फाटलं की ठिगळ लावण्यात तास वाढतात.

आणि स्टॉल किंवा दुकानवाला तीस टक्के कमिशन कापत असेल तर १३१५ ला १.३ नं गुणायचं नाही. गुणलं तर १७१० येतात, त्यातून त्यानं ५१३ कापले की हातात ११९७, म्हणजे खर्चही निघत नाही. ०.७ नं भागायचं, १८७९ येतात, त्यातून तीस टक्के गेले की बरोबर १३१५ उरतात.

पुढच्या खेपेला जुन्या साड्यांच्या मोठ्या वाकळीचे तास टाकते. कुणी आधी मोजले असतील तर आकार नि ओळींचं अंतर दोन्ही लिहा, नुसत्या तासांवरून काही समजत नाही.